चौदा मुद्दे आणि एक पान: चाकणमधल्या एका पगारवाढीचं प्रकरण

ऑक्टोबरच्या एका रविवारी शेजारच्यांची मुलगी माझ्याकडे आली. मुलगी म्हणतोय, पण ती एकतीस वर्षांची. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहे, सहा वर्षं तिथेच. मी आयुष्यभर कारखान्यांच्या एचआरमध्ये काम केलं आणि शेवटची नऊ वर्षं पगारवाढीच्या बैठकांना बसलो, हे तिला तिच्या वडिलांकडून माहीत होतं. तिने मोबाइल पुढे केला. त्यात तिने वर्षभरात काय काय केलं याची चौदा मुद्द्यांची यादी होती. "काका, एवढं सगळं केलंय. आता सरांशी बोलायचंय. कसं बोलू?"

प्रकरण तिच्या परवानगीने लिहितोय. नाव, कंपनी आणि भागाचं नेमकं नाव वगळलं आहे. आकडे तिच्याच कागदांतले आहेत.

तिचा वार्षिक सीटीसी ७,२०,००० रुपये होता. आधीच्या तीन वर्षांत ७ ते ८ टक्क्यांच्या वाढी मिळाल्या होत्या. यापूर्वी तिने एकदा वाढ मागितली होती, त्याच वर्षीच्या मे महिन्यात, पत्र हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी. सरांच्या केबिनमध्ये जाऊन ती म्हणाली होती, "सर, यंदा फारच कमी झालं. घराचा हप्ता चालू झालाय, आणि बाजूच्या विभागात माझ्यानंतर लागलेल्याला माझ्याहून जास्त आहे." सर म्हणाले, "पत्रं निघाली आहेत गं आता. पुढच्या वर्षी बघू." सर वाईट माणूस नाहीत, असं तिनेच मला सांगितलं. मलाही त्या उत्तरात वाईटपणा दिसला नाही. मे महिन्यात त्यांच्या हातात खरोखर काहीच उरलेलं नव्हतं.

तिला मी आधी समजावला तो या पैशाचा प्रवास. एप्रिल ते मार्च असं आर्थिक वर्ष असलेल्या बहुतेक कारखान्यांत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये प्रत्येक विभागप्रमुख पुढच्या वर्षाचं मनुष्यबळाचं बजेट देतो: किती माणसं, कोणत्या पदावर, साधारण किती खर्च. जानेवारीत ते वर मंजूर होतं. फेब्रुवारीत स्वमूल्यमापनाचे फॉर्म भरले जातात. मार्चमध्ये विभागप्रमुख रेटिंग देतात आणि मग एका बैठकीत प्लांट हेड, एचआर आणि सगळे विभागप्रमुख बसून ती रेटिंग्ज एकमेकांशी ताडून पाहतात. पत्रं एप्रिल-मेमध्ये निघतात आणि वाढ एक एप्रिलपासून लागू होते. म्हणजे पत्र मिळाल्यावर मागणी करणं हे पंगत उठल्यावर पान मांडण्यासारखं आहे. निर्णय झाला तेव्हा ती खोलीत नव्हती. तिच्या बाजूने बोलू शकणारे एकटे सर होते, आणि त्यांच्याकडे तिच्याबद्दल एक ओळही लिहिलेली नव्हती.

पुढचं सगळं मी याच एका गोष्टीभोवती बसवलं. सरांना पटवणं हा अर्धाच भाग. सरांनी त्या बंद खोलीत, तिला नीट न ओळखणाऱ्या तिघा-चौघांसमोर काय वाचून दाखवायचं, ते आपण त्यांच्या हातात द्यायचं. कागद लिहायचा तो त्या तिऱ्हाइतांसाठी.

या नजरेने आम्ही चौदा मुद्दे वाचायला घेतले. "रोजच्या उत्पादन बैठकीला हजर राहिले." "आयएटीएफ ऑडिटची तयारी केली." "तीन ट्रेनींना शिकवलं." हे सगळं खरं होतं, पण हे तिचं नेमून दिलेलं काम होतं, आणि त्याच पगारात ते अपेक्षित होतं. प्लांट हेड अशा ओळी प्रत्येकाच्या फॉर्मवर वाचतो. अकरा मुद्दे असे गळले. तिला वाईट वाटलं, आणि मला ते दिसलं, कारण त्या अकरा कामांतच तिचे बहुतेक तास गेले होते. पण वेळ किती लागला यावरून वाढ ठरत नाही. कामामुळे काय बदललं आणि जबाबदारी किती वाढली, हे दोनच प्रश्न त्या बैठकीत विचारले जातात.

उरलेल्या तिनातला पहिला मुद्दा तिने असा लिहिला होता: "बोअर रिजेक्शन कमी करून कंपनीचे वर्षाला १६ लाख वाचवले."

मी विचारलं, "सोळा लाख कुठून आले?" तिने हिशोब दाखवला. त्या भागाचं महिन्याचं उत्पादन १८,००० नग. मे महिन्यापर्यंतच्या सहा महिन्यांत सरासरी ३.८ टक्के नग बाद होत होते, जूनपासून १.६ टक्के. फरक २.२ टक्के, म्हणजे महिन्याला ३९६ नग. नगाची विक्री किंमत ३४० रुपये. ३९६ गुणिले ३४० गुणिले १२.

गुणाकार बरोबर होता, पण हिशोब तीन ठिकाणी कच्चा होता, आणि अकाउंट्सच्या माणसाने एका मिनिटात तो फेटाळला असता. एक तर बाद झालेल्या नगाचं नुकसान विक्री किमतीने मोजत नाहीत. तिथवर त्यावर झालेला खर्च धरायचा आणि भंगारात मिळणारे पैसे त्यातून वजा करायचे. शिवाय सुधारणेला चारच महिने झाले होते आणि ती बारा महिन्यांनी गुणत होती. आणि सुधारणेसाठी घेतलेल्या उपकरणाची किंमत तिने धरलीच नव्हती. मी तिला म्हटलं, हा आकडा सरांकडे नेण्याआधी कॉस्टिंगच्या माणसाकडे घेऊन जा आणि त्याच्याकडून त्याचा आकडा घे.

ती गेली. त्याने नगामागचं निव्वळ नुकसान २१० रुपये सांगितलं. महिन्याला ३९६ नग, म्हणजे ८३,१६० रुपये. डिसेंबरपर्यंत रिजेक्शन तितकंच राहिलं, तर जून ते डिसेंबर या सात महिन्यांचे ५,८२,१२०. त्यातून नव्या एअर गेजचे, म्हणजे सुधारणेसाठी घेतलेल्या त्या मोजायच्या उपकरणाचे, १,१०,००० वजा करायचे. डिसेंबरअखेर उरणार ४,७२,१२० रुपये. सोळा लाखांचे पावणेपाच लाख झाल्यावर ती खट्टू झाली. पण आता त्या आकड्यावर कॉस्टिंगची मोहर होती. बैठकीत कोणी विचारलं तर सर म्हणू शकत होते, "अकाउंट्सला विचारा." छोटा आणि न हलणारा आकडा मोठ्या पण ओढून ताणून आणलेल्या आकड्यापेक्षा फार पुढे जातो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. एक आकडा फुगवलेला निघाला की त्या पानावरच्या बाकी ओळींकडेही लोक त्याच संशयाने बघतात.

मग मी तिला विचारलं की रिजेक्शन कमी झालं कशामुळे. आणि इथे मला ती किती चांगली इंजिनिअर आहे ते कळलं, कारण यादीत तिने यातलं काहीच लिहिलं नव्हतं.

त्या भागात एक बोअर होता, म्हणजे मशीनवर कोरलेलं अचूक व्यासाचं भोक. कापणारा इन्सर्ट जसा झिजतो तसा बोअर हळूहळू लहान होत जातो. लहान झालेला बोअर पुन्हा मशीनवर चढवून वाढवता येतो, तो नग वाया जात नाही. मोठा झालेला बोअर मात्र थेट भंगार. तिने सहा महिन्यांच्या नोंदी काढल्या तेव्हा दिसलं की बाद झालेले बहुतेक नग मोठ्या बोअरचे होते. झिजेने बोअर लहान व्हायला हवा, मग मोठा का होतोय? ती तीन शिफ्ट लाइनवर उभी राहिली. ऑपरेटर एक नग मोजायचे, तो जरा लहान दिसला की मशीनमध्ये ऑफसेट, म्हणजे कापणाऱ्या हत्याराची जागा ठरवणारा आकडा, वाढवायचे. पुढचा मोठा निघाला की कमी करायचे. मोजायला होता तो जुना डायल गेज, आणि तोच नग दोन ऑपरेटरांच्या हातात दोन वेगळी मापं दाखवायचा. म्हणजे मोजण्यातल्या चुकीला मशीनची चूक समजून मशीन हलवलं जात होतं. तिने गेजची चाचणी घेतली. एकूण फरकात मोजण्याचा वाटा तीस टक्क्यांच्या वर निघाला आणि वाहन उद्योगात इतका वाटा असलेलं साधन नापास धरतात. त्यावरून तिने एअर गेज मंजूर करून घेतला आणि नियम लावला: दर तासाला पाच नग मोजायचे, त्यांची सरासरी तक्त्यावर मांडायची आणि ती ठरलेल्या रेषेबाहेर गेली तरच ऑफसेटला हात लावायचा.

हे ऐकल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, हे लिही ना. चार ओळींत लिही." रिजेक्शन कमी झाल्याचा आकडा उत्पादन विभागही सांगू शकतो, सांगतोच. कारण कोणी शोधलं, ते कसं शोधलं, हे फक्त तिलाच सांगता येतं आणि तीच तिची मजल दाखवणारी गोष्ट आहे.

त्याच जोरावर मी तिला एक अवघड गोष्ट करायला लावली. इन्सर्ट किती नगांनंतर बदलायचा याची मर्यादा प्रॉडक्शन इंजिनिअरने कमी केली होती आणि घटीतला काही भाग त्याचा होता. तिला ते नाव पानावर नको होतं. "माझी वाढ मागायला जातेय, त्याचं कशाला सांगू?" मी म्हटलं, प्रॉडक्शनचा हेड ते सांगणारच, कारण तोही त्याच बैठकीत बसलेला असणार. तू आधी सांगितलंस तर तुझ्या बाजूने मोजलं जाईल. त्याने सांगितलं तर तुझ्या विरुद्ध. ती तयार झाली, पण मनापासून नाही, असं मला वाटलं.

दुसरा मुद्दा पैशाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होता, आणि यादीत तो नवव्या क्रमांकावर दडलेला होता: "सप्लायर क्वालिटीचं काम पण बघते." जुलैमध्ये सप्लायर क्वालिटी बघणारा सहकारी सोडून गेला. जागा भरली नाही. त्याचे अकरा पुरवठादार तिच्याकडे आले: त्यांच्या मालाच्या तक्रारी, त्यांच्या भेटी, त्यांच्या नव्या भागांची मंजुरी.

हे महत्त्वाचं का, ते समजायला पगारवाढीची दोन वेगळी भांडी आहेत हे माहीत हवं. पहिलं भांडं वार्षिक वाढीचं. तिच्या विभागात बारा माणसं होती. सगळ्यांचा मिळून सीटीसी नव्वद लाख धरा आणि वाढीचं बजेट ९ टक्के, म्हणजे ८,१०,००० रुपये. त्यातच बाराही जणांचं भागवायचं. तिला २५ टक्के द्यायचे तर ९ टक्क्यांच्या वर १,१५,२०० रुपये बाकीच्या अकरा जणांच्या ताटातून काढावे लागतील, माणशी साडेदहा हजारांच्या आसपास. कोणताही शहाणा विभागप्रमुख हे करत नाही आणि "बजेट नाही" म्हणतो. ते खोटं नसतं. दुसरं भांडं वेगळं. पदाची व्याप्ती बदलली, ग्रेड बदलली किंवा माणूस आपल्या ग्रेडच्या पगारपट्ट्यात फार खाली राहिला, तर केली जाणारी दुरुस्ती. एचआरच्या भाषेत करेक्शन. ते प्लांट हेड आणि एचआर हेड मंजूर करतात, ते वर्षाच्या मध्येही होऊ शकतं, आणि त्यासाठी सहकाऱ्यांचं कापावं लागत नाही.

मे महिन्यात तिने पहिल्या भांड्यातून मागितलं होतं. आता मागणीचा मोठा भाग दुसऱ्या भांड्याकडे वळवायचा होता. त्यासाठी "मी जास्त काम करते" असं म्हणून चालत नाही. "जुलैपासून माझं पद बदललं आहे, पदनाम आणि पगार बदललेला नाही" असं म्हणावं लागतं. इथे तिने एक मोह टाळला, तो मी सांगायच्या आधीच. सोडून गेलेल्याचा पगार वाचला म्हणून तो मला द्या, असं तिने कुठेही लिहिलं नाही. तसं लिहिलं की पुढचं वाक्य "मग आम्ही माणूस घेतो" असं येतं.

तिसरा मुद्दा ग्राहकाच्या एका तक्रारीचा होता. तो आम्ही एका ओळीत ठेवला.

बाजारातला भाव काढायला तिला तीन आठवडे लागले. तिच्याच कामातल्या, चाकण, तळेगाव आणि रांजणगावच्या पाच ओळखीच्यांना तिने विचारलं. सीटीसी सांगताना लोक ग्रॅच्युइटी, विमा, बदलता भाग सगळं धरून सांगतात, म्हणून तिने प्रत्येकाला ठरलेला वार्षिक पगार किती आणि कामगिरीवर अवलंबून भाग किती हे वेगळं विचारलं. उत्तरं आली ७.९, ८.४, ८.६, ९ आणि ९.६ लाख. शेवटचा आकडा गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपनीतला होता. सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीची तुलना तिच्याशी होत नाही, म्हणून तो काढला. पाच माणसांवरून बाजार कळत नाही, हे मी तिला बजावलं. हे आकडे सरांसमोर पुरावा म्हणून ठेवायचे नव्हते, आपली मागणी वेड्यासारखी नाही ना, एवढंच त्यावरून पाहायचं होतं. मागणी ठरली नऊ लाख. आणि तिने स्वतःशी एक आकडा ठरवला, सव्वाआठ लाख. त्याच्या खाली राहिलं तर पुढच्या वर्षात बाहेर बघायचं. हा आकडा सरांना सांगायचा नव्हता.

वेळेबाबत एक पेच होता. बजेट नोव्हेंबरमध्ये ठरतं, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुधारणेला पाचच महिने झाले होते. पाच महिने कमी नाहीत, पण पावसाळ्यानंतर उत्पादन वाढलं की रिजेक्शन पुन्हा वर जाण्याचा त्या लाइनचा इतिहास होता. आज सांगावं आणि डिसेंबरमध्ये आकडा बिघडावा, असं नको होतं. म्हणून दोन बैठका करायचं ठरलं. नोव्हेंबरात फक्त कानावर घालायचं, म्हणजे बजेटमध्ये जागा राहील. पूर्ण कागद जानेवारीत, सात महिन्यांच्या आकड्यांसह, रेटिंग्ज लिहिली जाण्याआधी.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती सरांना भेटली. पंचवीस तारखेनंतर डिस्पॅचची धावपळ असते, तेव्हा सरांना कोणाचंच ऐकू येत नाही. पुढच्या आठवड्यात ग्राहकाचं ऑडिट होतं. तिने मधला दिवस निवडला. बोलणं दोन मिनिटांचं झालं. "सर, पुढच्या वर्षाचं बजेट तुम्ही आता देणार असाल. जुलैपासून सप्लायर क्वालिटी माझ्याकडे आहे. ते पुढेही माझ्याकडेच राहणार असेल, तर माझं पद आणि पगार यांचा विचार त्या बजेटमध्ये व्हावा. जानेवारीत मी आकड्यांसह सविस्तर मांडते." सर म्हणाले, "राहणार तुझ्याकडेच. लिहून ठेवतो." त्यांनी खरंच लिहिलं की नाही हे तिला तेव्हा कळलं नाही. मार्चमध्ये कळलं.

डिसेंबरचा आकडा १.७ टक्के आला. सरासरी १.६वरच राहिली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिने सरांकडे अर्धा तास मागितला, आणि विषय आधीच कळवला: माझ्या पदाबद्दल आणि पगाराबद्दल. अचानक विषय काढला की माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. आधी कळलं तर निदान एचआरशी एकदा बोलून येतो.

पान एकच होतं. वर एका वाक्यात मागणी: सीनिअर इंजिनिअर हे पदनाम, आणि एक एप्रिलपासून वार्षिक नऊ लाख. त्याखाली बोअरचं काम, सात ओळींत, कॉस्टिंगच्या आकड्यासह आणि प्रॉडक्शन इंजिनिअरच्या नावासह. मग जुलैआधीचं काम आणि जुलैनंतरचं काम शेजारी शेजारी. शेवटी पुढच्या वर्षात ती काय करणार: हाच नियम आणखी दोन भागांवर, आणि तीन सर्वाधिक तक्रारींच्या पुरवठादारांवर काम. घराचा हप्ता, बाजूच्या विभागातला माणूस, सहा वर्षांची निष्ठा, यांतलं काही नव्हतं. हप्ता खरा होता आणि शेजारच्याबद्दलची चीडही खरी होती. पण बंद खोलीत सर ते वाचून दाखवू शकत नाहीत.

सरांनी पान वाचलं. बोअरच्या ओळींपाशी थांबून म्हणाले, "त्याचं नाव घातलंस ते बरं केलंस. मी विचारणारच होतो." मग म्हणाले, "नऊ लाख म्हणजे पंचवीस टक्के झाले. इतकं कोणाला मिळत नाही आपल्याकडे."

इथे ती गप्प राहिली. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. तिने नंतर सांगितलं की काय बोलावं सुचलंच नाही. पण त्या शांततेत सरच पुढे बोलले: "वार्षिक वाढीत मी तुला फार तर दहा टक्के काढू शकतो."

मग तिने विचारलं, "सर, वार्षिक वाढ वेगळी ठेवू या. पद बदललं त्याची दुरुस्ती वेगळी मागता येईल का? ती कोण मंजूर करतं, आणि त्यांना तुमच्याकडून काय लागेल?"

माझ्या मते सगळ्या बैठकीतलं हे सर्वांत कामाचं वाक्य. "माझ्या हातात नाही" असं सरांनी म्हणण्याआधीच तिने हात कोणाचा ते विचारलं. सर म्हणाले, प्लांट हेड आणि एचआर, आणि त्यांना नव्या पदाचं कामाचं वर्णन लागेल. ते तिने दोन दिवसांत द्यायचं कबूल केलं. त्याच संध्याकाळी तिने सरांना मेल टाकला, चार ओळींचा: आज काय बोललो, तुम्ही काय म्हणालात, मी काय देणार आहे, आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी पुन्हा विचारेन. सरांनी उत्तर दिलं, "ठीक. दुरुस्तीचा प्रस्ताव मार्चच्या बैठकीत ठेवतो."

मागणी पुढे सरकतेय की नुसतीच "बघू"मध्ये अडकली आहे, हे ओळखायची एक खूण मी तिला सांगितली होती. दोन-तीन आठवड्यांत एचआरकडून तुझ्याबद्दल काहीतरी विचारणा व्हायला हवी: कामाचं वर्णन, जुनं पत्र, शिक्षणाची कागदपत्रं. ती झाली नाही, तर प्रस्ताव सरांच्या टेबलावरच आहे. एचआरचा फोन फेब्रुवारीच्या दहा तारखेच्या सुमारास आला. बोलता बोलता तिथल्या मॅडमनी सांगितलं की तिच्या ग्रेडच्या पगारपट्ट्याचा मध्य नऊ लाख आहे. ती सात लाख वीस हजारांवर, म्हणजे मध्याच्या ऐंशी टक्क्यांवर होती. सहा वर्षं त्याच कामात असलेल्या माणसासाठी हे कमी आहे, आणि एचआरलाही ते दिसत होतं. हा पट्टा बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत. तिला मिळाला तो नशिबाने.

मार्चच्या बैठकीत काय झालं ते सरांनी तिला नंतर सांगितलं. नोव्हेंबरच्या बजेटमध्ये त्यांनी तिच्या पदासाठी खरोखरच जास्तीची रक्कम धरली होती, पण वरच्यांनी ती अर्ध्यावर आणली. प्लांट हेडने विचारलं, "ती सोडून चाललीय का?" सर म्हणाले, "नाही." त्यावर प्लांट हेड म्हणाले, मग जुलैपासून देऊ, एप्रिलची घाई कशाला. हे ऐकून ती माझ्यावर चिडली. दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर नेलं असतं तर एप्रिलपासून मिळालं असतं, नाही का?

कदाचित मिळालंही असतं. मी तिला खोटं सांगितलं नाही. ऑफर लेटर दाखवून जास्त मिळाल्याची उदाहरणं मी स्वतः मंजूर केली आहेत. पण त्याच माणसांची नावं पुढच्या वर्षी "हा जाणार" या यादीत असायची, नव्या जबाबदाऱ्या त्यांच्याकडे जाईनाशा व्हायच्या, हेही मी पाहिलं. आणि ऑफर नसताना असल्याचा आव आणणं तर सरळ जुगार, कारण "बरं, शुभेच्छा" हे उत्तरही येऊ शकतं. तिला जायचं नव्हतं. मग तीन महिन्यांचा उशीर ही त्याची किंमत होती. चाळीस-पन्नास हजारांच्या दुरुस्तीवर तीन महिन्यांची ती किंमत दहा-बारा हजार रुपये.

वार्षिक वाढ १० टक्के झाली, म्हणजे ७२,००० रुपये, ७,९२,००० वर. पदाची दुरुस्ती ४८,००० रुपये, एक जुलैपासून, सीनिअर इंजिनिअर या पदनामासह. एकूण ८,४०,०००. मागितले होते नऊ, तिच्या मनातली रेघ होती सव्वाआठ. हातात किती पडणार याचा हिशोबही तिने आधीच केला, म्हणून पहिल्या स्लिपवर तिचा हिरमोड झाला नाही. तिचा बेसिक सीटीसीच्या निम्मा आहे आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जातो. १,२०,००० वाढले, त्यात बेसिक ६०,०००ने. त्यावर कंपनीचा पीएफ ७,२००, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी सुमारे २,८८६, आणि तिचा स्वतःचा पीएफ ७,२००. हातात वर्षाला सुमारे १,०२,७००, म्हणजे महिन्याला साडेआठ हजार. पीएफचे पैसे तिचेच, पण हप्ता भरायला ते येत नाहीत.

हे जमलं त्यात तिच्या बाजूच्या काही गोष्टी होत्या, त्या सांगायला हव्यात. कंपनीच्या ऑर्डरी चांगल्या होत्या. ती पट्ट्यात खाली होती, म्हणून वर जायला जागा होती. पट्ट्याच्या टोकाला असती तर हेच पान घेऊन ग्रेड बदलल्याशिवाय काही मिळालं नसतं. आणि सर लिहून ठेवणारे निघाले. ज्याचा मॅनेजर कागद हातातच घेत नाही, "तोंडी सांग ना" म्हणतो, त्याने मेल टाकून एचआरला प्रत द्यावी की नाही, यावर माझं उत्तर सरसकट नाही. तसं केल्याने सरळ झालेले मॅनेजर मी पाहिलेत आणि कायमचे दुखावलेलेही.

जुलैच्या शेवटी पदबदलाचं पत्र आलं. त्यात दुरुस्ती लागू होण्याची तारीख एक ऑगस्ट लिहिली होती. ती घाबरून माझ्याकडे आली नाही, मला नंतरच कळलं. मार्चच्या बैठकीनंतर तिने सरांना पुन्हा एक मेल टाकून "एक जुलैपासून" हे त्यांच्याकडून लेखी घेतलं होतं. तो मेल तिने पत्रासोबत एचआरला पाठवला. मॅडमनी टायपिंगची चूक म्हणून सुधारित पत्र दिलं, आणि ऑगस्टच्या पगारात जुलैचे ४,००० रुपये फरकाच्या ओळीत जमा झाले.